पुराच्या पाण्याने सातबारा कोरा होत नाही

*ताई, दिवाळी अंकासाठी आठ हजार शब्दांची कथा लिहिली आहे. पारोळा तालुक्यातला भिकन, वडील वारल्यावर, आखाजीला माहेरी आलेल्या बहिणीला म्हणजे कमलला ‘सोसायटीच्या कर्जाचा कागद आहे’ असं सांगून हक्कसोडपत्र करून घेतो. तिचा दोन एकरांचा हिस्सा जातो. पुढे त्याला पश्चात्ताप होतो. शेवटी तापीच्या पुरातून तो कमलच्या मुलाला वाचवतो आणि स्वतः बुडतो. कमल त्याच्या मनगटाला राखी बांधते. दोन मित्रांना वाचायला दिली. दोघंही म्हणाले, रडू आलं, पण पटलं नाही. भिकन मुळात वाईट नाही हे कळावं म्हणून मी त्याच्यामागे कर्ज, सावकार, बायकोचा तगादा, सगळं लावलंय. तरी पटत नाही. नेमकं कुठे अडतंय?*
*— एक वाचक, अमळनेर*

तुमचे मित्र बरोबर बोलले. पूर काढून टाका. पुरात उडी मारायला धाडस लागतं, आणि भिकनकडे धाडस नाही अशी तक्रार कुणाचीच नव्हती. त्याने गुन्हा कागदावर केला, गुपचूप केला, बहिणीच्या विश्वासाच्या आडून केला. नदीत उडी मारून यातलं काहीच फिटत नाही. उलट मेल्यामुळे तो सुटतो. फेरफार रद्द करायला नको, वकिलाची फी नको, पुढच्या आखाजीला गावात तोंड दाखवायला नको. वाचक रडतो तो मरणाला. भिकन बदलला म्हणून कुणी रडत नाही.

पण खरी अडचण शेवटात नाही, सुरुवातीत आहे. तुम्ही अपराध घाईघाईने उरकलाय. ‘सही करायला लावतो’ एवढ्यावर भागवलंय आणि मग त्याच्या मजबुरीला पानंच्या पानं दिली आहेत. कर्ज असू द्या, कापसाचा भाव पडलेला असू द्या. खानदेशात हे कुणाच्या मागे नाही? पण त्याला दुसरा रस्ता होता आणि त्याने तो घेतला नाही, हे दिसू द्या. दोन बैल विकता आले असते. किंवा याहून सोपं, बहिणीला सरळ विचारता आलं असतं. आपल्याकडे कितीतरी बहिणी माहेर तुटू नये म्हणून आपणहून हक्क सोडतात. कमलनेही कदाचित सोडला असता. मग भिकनने विचारलं का नाही? इथे तुमची कथा आहे. विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं की दोन एकर तिचे आहेत. मुलींचा वडिलोपार्जित जमिनीतला हक्क महाराष्ट्राने 1994 मध्ये मानला आणि केंद्राच्या कायद्यात तो 2005 मध्ये आला. भिकनच्या डोक्यात मात्र तो कधी आलाच नाही. त्याला आपण चोरी करतोय असं वाटतच नसतं, कागद नीट करून ठेवतोय असं वाटतं. सावकारापेक्षा हे कारण जास्त खरं आहे, आणि वाचकाला जास्त झोंबेल, कारण ते त्याच्याही घरात आहे.

आता तो प्रसंग जवळून लिहा. आखाजीचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी पितरांची घागर भरली, पुरणपोळी-आमरस झाला, निंबाला बांधलेल्या झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. गावातल्या सालदारांची वर्षाची बोली त्याच सणाला ठरते, म्हणजे शब्द देणं-घेणं हवेतच आहे. भिकन कमलला मोटरसायकलवर बसवून तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतो. तिथे नुसती सही होत नाही. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, ते भिकनने आणलेले, एक त्याचा पत्त्यांच्या अड्ड्यावरचा मित्र. कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो निघतो, अंगठा मशीनवर टेकवतात. आणि अधिकारी विचारतो, ‘दस्त वाचला का, मान्य आहे का?’ कमल भावाकडे बघते. भिकन म्हणतो, ‘हो साहेब, तिला सगळं सांगितलंय.’ हे एक वाक्य तुमच्या मसुद्यात नाहीच. ते नसेल तर गुन्हा नुसता मथळा राहतो. त्याने खोटं बोललेलं आपल्या कानांनी ऐकल्याशिवाय पुढे त्याने खरं बोललेलं आपल्याला ऐकू येणार नाही.

याच्याही पुढे एक जागा आहे, ती तर तुमच्या हातून पार सुटली. दस्त नोंदला म्हणून सातबारा त्या दिवशी बदलत नाही. तलाठी फेरफार धरतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तुमची पात्रं तलाठीच म्हणतील), हितसंबंध असलेल्यांना नोटीस जाते, हरकतीला 15 दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. कमलची नोटीस शिरपूरकडे तिच्या सासरी जायला हवी. पण दस्तावर भिकनने तिचा पत्ता माहेरचा दिलेला. नोटीस त्याच्याच ओट्यावर येते आणि तो बहिणीच्या नावाने सही करून ती घेतो.

हे 15 दिवस लिहा. कार्यालयातला क्षण घाईत, दडपणाखाली निघून गेला असं वाचक एकवेळ मानेल. पण नोटीस घडी करून कपाटात ठेवली, मध्ये कमलचा फोन आला, तिने पाऊस कुठवर आलाय विचारलं, आईची तब्येत विचारली, आणि तो बोलला नाही. रोज सकाळी उठून त्याने न बोलायचं ठरवलं. माणूस किती वाईट वागला ते अशा शांत दिवसांवरून कळतं. सुधारणाही अशाच दिवसांतून दाखवावी लागते. पुराचा शेवट पटत नाही याचं खरं कारण हे आहे. पंधरा दिवस ठरवून केलेल्या गोष्टीला तुम्ही दहा सेकंदांच्या उडीने उत्तर दिलंत.

मग तो पालटतो कशाने? मुलगा आजारी पडणे, स्वप्नात वडील येणे, कीर्तनात ओळ लागणे, ही कृपा करून नको. दिवाळी अंकांसाठी कथा वाचत आले आहे, त्यात पश्चात्ताप झालेल्या निम्म्या पात्रांना तो देवळाच्या पायरीवर होतो. भिकनला त्याच्याच कृत्याचं न पाहिलेलं टोक दिसू द्या. समजा, तो शिरपूरला लग्नाला गेलाय. पंगतीत कमलचा दीर सहज बोलून जातो: ‘आम्ही म्हटलं होतं वहिनीला, हिस्सा लिहून घे, भावांचा भरवसा नाही. तर वहिनी दोन दिवस जेवली नाही. म्हणे, मन्हा भाऊ तसा नई.’ एवढंच. दिराला काही माहीत नाही, तो टोमणा मारत नाही. भिकन पुढ्यातलं वरण-बट्टी संपवतो, पुन्हा वाढायला आलेल्याला नको म्हणत नाही. तिथे त्याला ‘रडू कोसळलं’ लिहिलंत तर सगळं वाया जाईल.

यानंतर लगेच तो सुधारला तर ते मला पटणार नाही. माणूस आधी स्वस्तातला उपाय शोधतो. राखीला पाकिटात जास्तीचे पैसे, भाचीच्या बारशाला पैठणी, कापूस विकला की कमलच्या घरी गव्हाचं पोतं. बहीण खूश, गावात नाव, बायको कुरकुरते पण तिलाही बरं वाटतं. या काळात भिकन आधीपेक्षा चांगला माणूस दिसतो आणि सातबाऱ्यावर काहीही बदललेलं नसतं. याला चांगली दीड हजार शब्दांची जागा द्या. तुमच्या मसुद्यात या सगळ्याचा एक परिच्छेद आहे आणि तो तुम्ही पश्चात्तापाचा पुरावा म्हणून लिहिलाय. तो पुरावा पळवाटेचा आहे, आणि वाचकाला ते भिकनच्या आधी कळायला हवं.

कमलला कळतं कसं, यावर फार डोकं लढवू नका. हल्ली सातबारा मोबाइलवर कुणालाही फुकट बघता येतो. महाभूलेखवर जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर टाकला की झालं. कमलची कॉलेजातली मुलगी एका दुपारी मामाच्या शेताचा उतारा उघडते, आईचं नाव शोधते, सापडत नाही. पाच वर्षं झालेली असतात. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, सगळी कथा तिच्यावर उभी आहे: बहिणीला कळल्यानंतर भिकनने दिलेल्या कबुलीला काही किंमत राहत नाही. जे तिला माहीत झालंय ते सांगून तो काय देणार? तो देऊ शकतो ते फक्त एवढंच, जे त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

म्हणून पहिली कबुली फसू द्या. कमलचा फोन येतो. भिकन म्हणतो, ‘त्यावेळी गडबडीत कागद झाले, गैरसमज झाला, तुला सांगायचं राहून गेलं.’ या तिन्ही वाक्यांत करणारा कुठेच नाही. कागद आपोआप झाले, गैरसमज आपोआप झाला. घरात अहिराणी बोलणारा माणूस अचानक कार्यालयातली मराठी बोलायला लागलाय, हेही कमलच्या कानाला लागेल. ती म्हणते, ‘माले तुन्हं काहीच नको,’ आणि फोन ठेवते. मग ती दावा लावते.

दाव्याचं थोडं नीट समजून घ्या, कारण तुमचा कळस तिथे आहे. फसवून करून घेतलेला नोंदणीकृत दस्त तलाठी रद्द करू शकत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावं लागतं. आणि त्याला मुदत आहे, फसवणूक कळल्यापासून 3 वर्षं. कमल म्हणणार, मला यंदा कळलं. भिकनचा वकील फाइल चाळतो, त्याला फेरफाराची नोटीस दिसते, तिच्यावर ‘कमल’ अशी पोच. तो खुर्चीत मागे टेकून म्हणतो, ‘काम सोपं आहे. तिला पाच वर्षांपूर्वीच नोटीस मिळालेली आहे. मुदतीत दावा नाही. तुम्ही फक्त एवढंच म्हणा, सही तिची आहे.’

बघा, तोच कागद परत आला. पहिल्यांदा भिकन गप्प राहून जिंकला होता, आताही गप्प राहून जिंकू शकतो. फरक इतकाच की आता गमावायला जास्त आहे. त्या दोन एकरांत पाच वर्षांत ठिबक आलंय, विहिरीत आडवे बोअर मारलेत, त्यावर बँकेचं कर्ज काढलंय, मुलाची सोयरीक त्या सहा एकरांवर ठरलीय. आणि वकील हेही सांगतो की खोटी सही कबूल केली तर प्रकरण फौजदारीतही जाऊ शकतं. इथे भिकनने काय केलं यावर त्याचं सगळं ठरतं. तो लेखी जबाबात लिहून देतो की नोटिशीवरची सही माझी आहे, बहिणीला नोटीस कधी मिळालीच नाही. कुणी टाळ्या वाजवत नाही. वकील चिडतो, बायको माहेरी निघून जाते, आणि ती चुकली असं वाचकाला वाटू देऊ नका. बँकेचे हप्ते तिच्याही संसारातून जायचे आहेत.

त्याला सोपा मार्ग होता का? होता, आणि तुमच्या एखाद्या पात्राने तो सुचवायलाच हवा, नाहीतर जाणकार वाचक सुचवेल. तो कमलला दोन एकरांचं बक्षीसपत्र करून देऊ शकतो. जमीन तिला मिळेल, कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. पण मग आधीचं हक्कसोडपत्र खरंच राहतं. दप्तरात कायमचं नोंदलेलं राहतं की कमलने स्वखुशीने हक्क सोडला होता आणि उदार भावाने तो परत दिला. भिकनच्या मनात हा मोह काही दिवस घोळू द्या. मामा, सरपंच, सगळे त्याला तेच सांगतील, घरातली गोष्ट घरात राहील म्हणून. कमलच नाही म्हणते. तिला जमिनीइतकंच हेही हवंय की तेव्हा तिला विचारलं नव्हतं हे कागदावर यावं. हे तिच्या तोंडून आलं की ती नुसती राखी बांधणारी बहीण राहत नाही. आत्ता तुमच्या मसुद्यात तिला स्वतःचा एकही निर्णय नाही. भिकनने एकदा तिच्या वतीने ‘मान्य आहे’ म्हटलं आणि शेवटी लेखक म्हणून तुम्हीही तिच्या वतीने माफी देऊन टाकलीत.

माफीचं म्हणाल तर अंगुलिमालाची गोष्ट आठवा. बुद्धाने त्याला संघात घेतलं, तो मनाने पार बदलला, तरी मज्झिम निकायातली ती गोष्ट तिथे थांबत नाही. भिक्षेला गेला की लोकांनी फेकलेली ढेकळं, काठ्या, दगड त्याच्या अंगावर येतात. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं अशा अवस्थेत तो परत येतो, आणि बुद्ध त्याला सांगतो, सोस. इतक्या जुन्या गोष्टीलाही ठाऊक होतं की आतून बदलणं ही एक गोष्ट आणि लोकांनी ते मानणं ही दुसरी. त्या गोष्टीतला मला सर्वात पटणारा भाग तो दगडांचाच आहे.

कमलने भिकनला माफ करावं का? मला वाटतं नाही, निदान या आठ हजार शब्दांत नाही. पण दुसरी कबुली जरूर लिहा. कोर्टाच्या आवारात, चहाच्या टपरीजवळ, जबाब दाखल झाल्यावर. ती विचारत नाही, तो आपणहून बोलतो, आणि या वेळी अहिराणीत: ‘मी तुले फसाडं. माले माहीत व्हतं.’ पुढे ‘पण’ येऊ देऊ नका. कर्ज होतं, तुझ्या लग्नाला खर्च झाला होता, आईचीही संमती होती, हे सगळं खरं असलं तरी त्याने ते गिळायचं. (आईला माहीत होतं का, हा प्रश्न तुम्ही टाळलाय. माझ्या मते तिला माहीत होतं. एका वाक्यात सुचवा, पुढे जाऊ नका, नाहीतर ती वेगळी कथा होईल.) कमल ऐकते, चहाचे पैसे स्वतःचे स्वतः देते आणि शिरपूरच्या एसटीकडे निघते.

निकाल एका ओळीत सांगा. लेखी जबाबात कबुली आहे म्हटल्यावर तिथे नाट्य उरत नाही. शब्दांची वाटणी करायची तर साधारण अशी होईल: कार्यालय आणि ते 15 दिवस मिळून दोन हजार, शिरपूरची पंगत पाचशे, साड्या-पाकिटांचा काळ दीड हजार, कमलला कळणं आणि पहिला फोन हजार, उरलेले तीन हजार वकील, बक्षीसपत्र, जबाब आणि त्यानंतरचं. आत्ता तुमचे साडेपाच हजार शब्द भिकनच्या मजबुरीवर खर्च झालेत, म्हणून छाटायला पुष्कळ जागा आहे. ‘त्याला वाटलं’, ‘त्याच्या मनात आलं’ ने सुरू होणारी वाक्यं आधी काढा. पश्चात्तापाची वाक्यं काढूनही भिकन बदललेला दिसत असेल तर कथा उभी राहिली. त्यानंतर त्याच दोन मित्रांना परत द्या, पण ‘पटलं का?’ विचारू नका. विचारा, भिकनने उद्या तुमच्यासमोर एखादा कागद ठेवला तर न वाचता सही कराल का? ‘नाही, वाचून करीन’ असं उत्तर आलं तर तुमचं जमलं. ‘हो, डोळे झाकून’ म्हणाले तर तुम्ही त्याला पुन्हा फार गोड करून ठेवलंय. कायद्याचे तपशील मात्र अमळनेरच्या एखाद्या दिवाणी वकिलाकडून एकदा वाचून घ्या, तारखा आणि क्रम इकडचा तिकडे व्हायला नको.

आणि पुराच्या जागी काय, तर पुढची आखाजी. कमलने तिचे दोन एकर ठोक्याने दिलेत, भिकनला नाही, गावातल्या दुसऱ्याला. त्याने भिकनला विचारलंच होतं, तुझी हरकत नाही ना, आणि भिकनने सांगितलं होतं, माले नको इचारू, तिले इचार. आता मध्ये नवा बांध पडतोय, आणि ठिबकच्या नळ्या कुठवर कापायच्या ते त्या माणसाच्या सालदाराला दाखवायला भिकनलाच शेतात जावं लागतंय.